शिष्यवृत्तीच्या अर्जातला 'माझी परिस्थिती' हा मजकूर: खरं असूनही खोटं वाटतंय, काय करावं?

गणितवाला_सर

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. माझ्या एका विद्यार्थिनीला यंदा पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. एक खासगी ट्रस्ट पहिल्या वर्षासाठी मदत देतो, त्याच्या अर्जासोबत 500 शब्दांत 'माझी परिस्थिती आणि शिक्षण' असा मजकूर मागितला आहे. तिने लिहिलेला मजकूर मी वाचला. मुलीची परिस्थिती मला माहीत आहे, आई-वडील ऊसतोडीला जातात. तरीही वाचून माझ्यापर्यंत काहीच पोहोचलं नाही, उलट थोडा संशयच आला. तिची परवानगी घेऊन सुरुवातीचा भाग देतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

> माझा जन्म अठराविश्वे दारिद्र्यात झाला. लहानपणापासून संकटांनी माझी पाठ सोडली नाही. माझ्या आई-वडिलांनी रक्ताचं पाणी करून, पोटाला चिमटा काढून मला शिकवलं. कित्येक रात्री आम्ही उपाशीपोटी झोपलो. डोळ्यांतले अश्रू पुसत, दिव्याच्या मंद प्रकाशात मी अभ्यास केला. परिस्थितीच्या निखाऱ्यांवरून चालत मी दहावीला 91 टक्के गुण मिळवले. आज मला उच्च शिक्षणाची संधी मिळाली आहे, परंतु फी भरण्यासाठी आमच्याकडे एक पैसाही नाही. ही शिष्यवृत्ती मिळाली नाही तर माझी स्वप्नं धुळीला मिळतील.

अर्ज पाठवायला बारा दिवस आहेत. ज्यांनी असे अर्ज लिहिले किंवा वाचले आहेत त्यांनी कृपया सांगा, कुठून सुरुवात करू?

विश्वास_नगरकर

सर, शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या कुठल्याच शिष्यवृत्ती योजनेला निबंध लागत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं म्हणजे कॅपचं प्रवेशपत्र आणि आधारला जोडलेलं बँक खातं एवढं तयार ठेवा. मुलगी ओबीसी असेल तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्जही करून ठेवा, शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर राहण्याजेवणासाठी ती कामाला येते. निबंधात वेळ घालवू नका, कागद पूर्ण करा.

गणितवाला_सर

विश्वासराव, धन्यवाद. कागद तयार आहेत आणि आधार योजनेचा अर्जही भरला आहे, पण त्याचं अजून काही कळलेलं नाही. मी विचारतोय ते खासगी ट्रस्टच्या अर्जाबद्दल. तिथे मजकूर वाचूनच मुलाखतीला बोलावतात.

संध्या_के

सर, पुण्यातल्या एका ट्रस्टसाठी मी नऊ वर्षं असे अर्ज वाचते आहे. तुमच्या मुलीने अर्ज केलाय तोच ट्रस्ट असेलसं नाही, पण वाचणारे सगळीकडे सारखेच असतात.

एका बैठकीत आमच्यापुढे साठ-सत्तर अर्ज येतात. मी हातात पेन्सिल घेऊन बसते आणि जे वाक्य त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या अर्जात वाचलं असेल त्याखाली रेघ मारते. वरच्या उताऱ्यात रेघ न मारलेला एकच तुकडा उरतो, तो म्हणजे दहावीचे 91 टक्के. बाकी सगळं कुणाच्याही नावावर खपेल. मुलगी खोटं बोलतेय असा त्याचा अर्थ नाही. तिने स्वतःचं काही सांगितलेलंच नाही, एवढंच.

दोन वाक्यं मात्र तिला सरळ अडचणीत आणतील. एक, 'फी भरण्यासाठी एक पैसाही नाही'. ती ओबीसीतून कॅपने आली असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर 2024-25 पासून मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. समितीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. फीसाठी रडणारा मजकूर वाचला की पहिला विचार येतो तो असा: हिला माहीत नाही, की ही आम्हाला सांगत नाही? खरा खर्च खोलीचा, मेसचा, कॉलेजच्या इतर शुल्काचा आणि पुस्तकांचा असतो. तो लिहायला हवा.

दुसरं, 'कित्येक रात्री उपाशीपोटी झोपलो'. हे खरं आहे का, ते तिला विचारा. रागावू नका, नुसतं विचारा. आम्ही मुलाखतीत विचारतो आणि दहातली आठ मुलं मान खाली घालतात.

मजकूर दुरुस्त करायला इतक्यात बसू नका. आधी तिच्याशी अर्धा तास बोला. आई-वडील कधी जातात, कधी येतात, तेव्हा ती कुठे असते, कोणत्या वर्षी शाळा बुडाली, किती दिवस, आणि त्या दिवसांत तिने नेमकं काय केलं, हे विचारा. ती बोलेल तसंच उतरवून घ्या.

अभिजित_कोथरूड

संध्याताईंशी बहुतांशी सहमत, पण एक गोष्ट विसरू नका. साठ-सत्तर अर्जांत उठून दिसायचं तर पहिल्या वाक्याने पकडायला हवं. मी नोकरीत प्रस्ताव लिहितो, त्या अनुभवावरून सांगतो. सुरुवात अशी करा: 'पहाटेचे तीन. कडाक्याची थंडी. दूरवर ट्रॅक्टरचा आवाज आणि माझ्या आईच्या हातात कोयता.' आणि पुढे आकडे टाका, जितके जास्त तितकं चांगलं. आकड्यांवर कुणी शंका घेत नाही.

मिलिंद_ठाणे

माझी गोष्ट सांगतो, सरांच्या उपयोगी पडेल. 2009 साली मी बारावीनंतर अशाच एका मदतीसाठी अर्ज केला होता. आमच्या वसतिगृहातल्या एका मोठ्या मुलाने सांगितलं की साधं लिहिलंस तर मिळणार नाही. माझे वडील आम्हाला सोडून वेगळे राहत होते, पैसे देत नव्हते. मी लिहिलं, 'बालपणीच पितृछत्र हरपलं'. खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलंच नाही, भाषा सजवतोय असं वाटलं.

मुलाखतीत एका बाईंनी अगदी मायेने विचारलं, "बाबा कशाने गेले रे?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनी मृत्यूचा दाखला जोडायला सांगितला. मी खरं सांगितलं, पण तोपर्यंत त्यांनी कागद बाजूला ठेवला होता. वडील जिवंत असून पैसे देत नाहीत, आई शिवणकामावर घर चालवते, एवढं सरळ लिहिलं असतं तर ती खरी अडचणच होती. तीच मी झाकून टाकली. पुढची दोन वर्षं आईने कर्ज काढून काढली.

गणितवाला_सर

मिलिंदभाऊ, हे इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तिला वाचून दाखवतो.

काल तिच्याशी बोललो. उपाशी झोपण्याचं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "नाही सर, तसं कधी नाही झालं. भाकरी असायचीच. पप्पा उपाशी नव्हते ठेवत." मग का लिहिलंस विचारलं, तर म्हणाली की शाळेत 'शेतकऱ्याचे मनोगत' असं आत्मवृत्त लिहिताना असंच लिहिलं की पैकीच्या पैकी मिळायचे. 'निखाऱ्यांवरून चालत' हे तर आमच्याच एका मराठीच्या सहकाऱ्यांनी दुरुस्त करताना घातलेलं निघालं. त्यांनीही चांगल्या मनानेच केलं.

तिने सांगितलेलं थोडक्यात असं. आई-वडील दसऱ्यानंतर जातात, गुढीपाडव्याच्या आसपास येतात. ती पाचवीपासून गावात आजीजवळ राहिली. दहावीत असताना, डिसेंबर 2022 मध्ये, आजी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आत्या आजीला आपल्या गावी घेऊन गेली. घरात ही आणि सहा वर्षांचा भाऊ. दोघांना वडील ऊसतोडीच्या फडावर घेऊन गेले. 12 डिसेंबर ते 27 जानेवारी ती शाळेत नव्हती. पूर्वपरीक्षा आली तेव्हा मावशी गावी येऊन राहिली, म्हणून ती परतली.

हे ऐकून मी रात्री स्वतःच एक मसुदा लिहिला. अभिजितरावांनी सांगितल्याप्रमाणे आकडेही घातले:

> पहाटे तीन वाजता साखर कारखान्यात कामाला जाणाऱ्या माझ्या आई-वडिलांना 80,000 रुपये कर्ज होते. ते दोघे मिळून दिवसाला 2 टन ऊस तोडत. आम्ही 10 बाय 8 फुटांच्या झोपडीत 4 जण राहत होतो. मी रोज 24 भाकरी करत असे व 6 हंडे पाणी आणत असे. मी 47 दिवस शाळेत गेले नाही. मला दहावीला 91 टक्के, बारावीला 84 टक्के...

पहिल्यापेक्षा बरं वाटतंय, पण आता पंचनामा वाचल्यासारखं होतंय.

फडावरचा

सर, मी स्वतः ऊसतोड्यांच्या घरचा. आज नोकरीला आहे, पण बारावीपर्यंत दर दिवाळी फडावर काढली आहे. तुमच्या मसुद्यात काही गोष्टी चुकल्यात आणि आमच्याकडचा कुणी समितीत असेल तर त्याला पहिल्या ओळीतच कळेल.

आई-वडील 'साखर कारखान्यात कामाला' नसतात. ते मुकादमाच्या टोळीत असतात, ऊस शेतकऱ्याच्या फडात तोडतात, कारखान्याच्या हजेरीवर त्यांचं नाव नसतं. कारखान्यात कामाला म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पगार आणि प्रॉव्हिडंट फंड येतो. 80,000 हे 'कर्ज' पण नाही, ती उचल. मुकादम हंगामाआधी देतो आणि ती तोडून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. 'झोपडी' नाही, कोपी. मुलीने तुम्हाला सांगताना हेच शब्द वापरले असणार, तुम्ही शुद्ध करून लिहिलेत. तिचेच राहू द्या. कुणाला कळणार नाही असं वाटलं तर त्याच वाक्यात अर्थ येईल असं लिहा.

आणि अभिजित साहेब, पहाटे तीनला ऊस तोडत नाहीत. गाडी भरायला त्या वेळी उठवतात, ट्रॅक्टर कधीही येतो. तेव्हा आईच्या हातात कोयता नसतो, डोक्यावर मोळी असते.

अभिजित_कोथरूड

मान्य. मी ऐकीव माहितीवर लिहिलं, चुकलं. पण सुरुवात ठसठशीत हवी, हे माझं मत अजून कायम आहे.

संध्या_के

अभिजित, सुरुवात कंटाळवाणी नको, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण 'पहाटेचे तीन, कडाक्याची थंडी' अशी सुरुवात झाली की मी सावध होते, कारण कुणीतरी मोठ्याने बसून लिहून दिल्याचा तो वास असतो. अठरा वर्षांची मुलगी स्वतःहून अशी सुरुवात करत नाही. 'माझे आई-वडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात' हे वाक्य साधं आहे, पण वाचणारा पुढे जातोच, कारण त्याला लगेच प्रश्न पडतो की मग मुलगी कुठे राहते.

सर, तुमच्या मसुद्यात आकडे आहेत, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. भाकरी किती आणि हंडे किती यावरून मला तिच्या शिक्षणाबद्दल काही कळत नाही. 47 दिवस हा आकडा मात्र सोन्यासारखा आहे, कारण तो शाळेच्या हजेरीपटावर सापडेल आणि त्याच्यामागे कारण आहे. तो तुम्ही पाचव्या ओळीत टाकून पुढे निघून गेलात. माझ्या मते सगळा मजकूर त्या 47 दिवसांवरच उभा राहायला हवा. जन्मापासूनची कहाणी सांगायची गरज नाही. शाळा का सुटली, सुटल्यावर तिने काय केलं, त्याने काय बिघडलं आणि ते तिने कसं भरून काढलं, एवढंच.

अजून एक. माहीतगार वाचकाला इथे शंका येईल की गावात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं, मग ही तिथे का राहिली नाही? ते प्राथमिक-उच्च प्राथमिकच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असतं आणि ही दहावीत होती. अर्ध्या वाक्यात सांगून टाका. वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न आपण आधीच ओळखला की त्याचा विश्वास बसतो.

आता तिला विचारा: त्या 47 दिवसांत अभ्यास केला का? केला असेल तर कशावरून, किती वाजता, कुठे बसून? 'जिद्दीने अभ्यास केला' असं सांगू लागली तर थांबवा आणि म्हणा, "एका दिवसाचं सांग."

फडावरचा

ताई, तुमचं पटतं. तरी एक बोलतो, राग मानू नका. पोरीला 91 टक्के आहेत, उत्पन्नाचा दाखला आहे, आई-वडील कुठे जातात ते सरपंचापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मग तिने स्वतःची गरिबी नीट मांडायला शिकावं, ही अपेक्षाच मला बोचते. मांडता आली ती पोरगी पुढे गेली, मांडता आली नाही ती तितकीच गरीब असून मागे राहिली. मी अर्ज केला तेव्हा मला काहीच लिहिता आलं नव्हतं.

संध्या_के

राग नाही. हा प्रश्न मलाही पडतो आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही मजकूर वाईट असलेल्या मुलांच्या घरी किंवा शाळेत फोन करतो, पण सगळ्यांना करता येत नाही. म्हणूनच मला वाटतं की सजवायला शिकवण्यापेक्षा सांगायला शिकवलं तर या अन्यायाची धार थोडी तरी कमी होईल. सांगता सगळ्यांना येतं. तुम्ही वर 'मोळी डोक्यावर असते' हे किती सहज सांगितलंत.

गणितवाला_सर

काल पुन्हा बोललो. 'एका दिवसाचं सांग' म्हटल्यावर ती आधी गप्प बसली आणि मग अर्धा तास थांबलीच नाही.

कोपीत वीज नव्हती. वडिलांचा मोबाइल ट्रॅक्टरवर चार्जिंगला लावलेला असायचा, तो संध्याकाळी हातात यायचा. गावातली मैत्रीण वर्गात झालेल्या अभ्यासाच्या वहीचे फोटो काढून पाठवायची. स्वयंपाक आटोपला की ही चुलीजवळ बसून ते उतरवून घ्यायची, भाऊ मांडीवर झोपलेला. विज्ञानाच्या आकृत्या फोटोत अस्पष्ट यायच्या. तिथे ती पट्टीने चौकट आखायची, खाली आकृतीचं नाव लिहायची आणि चौकट रिकामी सोडायची, नंतर भरू म्हणून.

मी विचारलं, ती वही आहे का? आज घेऊन आली. मी मोजल्या, 19 चौकटी. त्यातल्या 14 नंतर वेगळ्या पेनने भरलेल्या आहेत. पाच अजून रिकाम्या आहेत. एकीखाली 'हायड्रा' लिहिलंय आणि वर कोरा कागद. खरं सांगतो, ती वही हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून होतो.

पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग 2 मध्ये तिला 40 पैकी 17 पडले होते. हे ती लिहायला तयार नव्हती. कमी गुण दाखवले तर अर्ज बाद होईल अशी तिला भीती वाटते.

संध्या_के

सर, 17 लिहायलाच हवेत. सगळ्या संकटांवर मात करून मी पहिली आले, असं लिहिणाऱ्याचं संकट खरं वाटत नाही, कारण त्याने काहीच बिघडलेलं दिसत नाही. 47 दिवस शाळा बुडाली तर काहीतरी बिघडणारच. ते 17 आहेत. आणि बोर्डाला विज्ञानात किती आले?

गणितवाला_सर

100 पैकी 88.

संध्या_के

मग दोन्ही लिहा आणि मधल्या महिन्यात काय केलं ते लिहा. चौकटींच्या आधी-नंतर विशेषण लावू नका. 'अश्रू' नको, 'जिद्द' नको.

रेवती_नाशिक

मी हा धागा पहिल्यापासून वाचतेय. एक सुचवते. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्यांच्या शस्त्रक्रियांची बातमी राज्यभर गाजली होती. तिच्या आईच्या बाबतीत असं काही झालं असेल तर ते नक्की लिहावं. समितीला प्रश्नाचं गांभीर्य कळेल.

गणितवाला_सर

रेवतीताई, झालं आहे, 2023 मध्ये. त्यानंतर आईला मोळी उचलता येत नाही, म्हणून गेले दोन हंगाम वडील एकटे जातात. जोडप्याचा एक कोयता धरतात, त्यामुळे त्यांचा अर्धाच. उचलही निम्मीच मिळते. मुलीने आईला विचारलं, लिहू का? आई म्हणाली, "तुझं लिही, माझं नको."

रेवती_नाशिक

मग नकोच. मी विचार न करता बोलले. माफ करा.

फडावरचा

शस्त्रक्रियेचं नको, हे बरोबर. पण अर्ध्या कोयत्याचं यायलाच पाहिजे, कमाई निम्मी झाली ती त्यामुळे. 'आईला आता वजन उचलता येत नाही' एवढं लिहिलं तर आईचं गुपितही राहील.

मिलिंद_ठाणे

मुलाखतीत कुणी विचारलं, आईला काय झालंय, तर मुलीने काय सांगायचं? मी त्या खुर्चीत बसलोय. त्या वेळी काही सुचत नाही.

संध्या_के

'तब्येतीचं कारण आहे, आईला ते सांगायचं नाही' असं ती म्हणू शकते. आमच्याकडे कुणी पुढे विचारणार नाही. दुसरीकडे विचारतील की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही.

फडावरचा

हमी नसेल तर लिहू नये, असं मला वाटतं. अर्ध्या कोयत्याचं लिहा, कारणच देऊ नका.

संध्या_के

कारण न देता लिहिलं तर वडील एकटे का जातात हा प्रश्न पहिला येईल, आणि मग ती अजूनच कोंडीत सापडेल. इथे आपलं जुळत नाही. मुलीला आणि आईला ठरवू दे.

गणितवाला_सर

चार दिवस उरलेत. तिने पुन्हा लिहिलं, या वेळी मी पेन हातात घेतलं नाही. फक्त एक-दोन ठिकाणी 'हे कधी?' एवढंच विचारलं. मधला भाग असा:

> माझे आई-वडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचे आणि पाडव्याच्या सुमारास परत यायचे. पाचवीपासून मी गावात आजीजवळ राहून शिकले. दहावीत असताना, डिसेंबर 2022 मध्ये, आजी पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आत्या तिला घेऊन गेली. गावातलं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. म्हणून मी आणि माझा लहान भाऊ फडावर गेलो आणि आई-वडिलांच्या कोपीत राहिलो. मी 47 दिवस शाळेत नव्हते.
>
> तिथे जेवणाची अडचण नव्हती. वीज नव्हती. वडिलांचा मोबाइल ट्रॅक्टरवर चार्ज व्हायचा आणि संध्याकाळी मला मिळायचा. माझी मैत्रीण वहीच्या पानांचे फोटो पाठवायची, ते मी स्वयंपाक झाल्यावर उतरवून घ्यायचे. विज्ञानाच्या आकृत्या फोटोत दिसायच्या नाहीत. त्यांच्या जागी मी चौकट काढून नाव लिहून ठेवायचे. परत आले तेव्हा वहीत 19 चौकटी रिकाम्या होत्या. पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग 2 मध्ये मला 40 पैकी 17 गुण मिळाले. फेब्रुवारीत मी रोज शाळा सुटल्यावर मैत्रिणीच्या घरी बसून तिच्या वहीवरून आकृत्या काढल्या. 14 पूर्ण झाल्या. बोर्डाला विज्ञानात 100 पैकी 88 मिळाले.

आणि शेवटचा परिच्छेद पैशांचा:

> माझं शिक्षण शुल्क शासन भरणार आहे. कॉलेजचं इतर शुल्क 14,000 आहे. खोली आणि मेस मिळून महिन्याला 5,700, दहा महिन्यांचे 57,000. एकूण 71,000. त्यातले 25,000 वडील देऊ शकतात. मला 46,000 कमी पडतात. मी आधार योजनेचाही अर्ज केला आहे. ती मंजूर झाली तर मी तुम्हाला कळवीन.

अभिजित_कोथरूड

'तिथे जेवणाची अडचण नव्हती' हे वाक्य मी असतो तर काढलं असतं. स्वतःची बाजू कशाला पातळ करायची? पण आता वाचताना लक्षात आलं की त्या वाक्यामुळेच पुढच्या 'वीज नव्हती'वर माझा विश्वास बसला. सुरुवातीचा माझा हट्टही मागे घेतो.

संध्या_के

सर, मी पेन्सिल घेऊन बसले होते. एकही रेघ मारली नाही.

दोन बारीक गोष्टी. बारावीचे 84 टक्के मजकुरात आले नाहीत तरी चालतील, गुणपत्रिकेत आहेतच. आणि आधार योजनेचं वाक्य अजिबात काढू नका. दोन ठिकाणी अर्ज केल्याचं लपवलेलं नंतर कळलं की मिळालेली मदतही थांबवतात, तसं मी पाहिलं आहे. इथे तिने स्वतःहून सांगितलंय.

46,000 हा आकडा ट्रस्टच्या मर्यादेत बसतो ना, ते एकदा त्यांच्या माहितीपत्रकात बघून घ्या. त्याहून जास्त मागितले तर काही ठिकाणी अर्ज यंत्रानेच बाजूला पडतो.

गणितवाला_सर

बघितलं. वर्षाला कमाल 50,000 आहे, बसतंय.

विश्वास_नगरकर

सर, आधी माझा घोटाळा झाला होता, आता नीट कळलं. एक विचारतो. वडिलांचे 25,000 कुठून येणार, हे समिती विचारेल. उत्पन्नाच्या दाखल्यावर वार्षिक किती आहे? त्याच्याशी हा आकडा जुळायला हवा. दाखल्यावर साठ हजार असतील आणि वडील पंचवीस देणार म्हणाले तर मेळ बसत नाही, आणि इतर सगळं खरं असूनही तिथे घोळ होईल.

संध्या_के

विश्वासराव, अगदी बरोबर. हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. मजकूर आणि दाखला आम्ही शेजारी ठेवूनच वाचतो.

गणितवाला_सर

दाखल्यावर 72,000 आहेत. 25,000 मधले 15,000 या हंगामाच्या उचलीतले आणि 10,000 मामा देणार आहेत, असं ती सांगते. मग 'वडील देऊ शकतात' ऐवजी 'वडील 15,000 आणि मामा 10,000 देणार आहेत' असं करतो. मामांना विचारून मगच लिहायला सांगितलंय.

आईचं अजून ठरलेलं नाही. मुलगी म्हणते, अर्ध्या कोयत्याचं लिहायचं असेल तर आई शेजारी बसलेली असताना लिहीन. आई उद्या बाजारातून आली की दोघी बसणार आहेत. आज रात्री ती वहीतल्या उरलेल्या पाच चौकटी भरतेय. मी सांगितलं नव्हतं. हायड्राची आकृती जुन्या पुस्तकात नीट दिसत नाही, म्हणून माझ्याकडे दहावीचं विज्ञान भाग 2 मागायला आली होती.